ओळ कुठं मोडायची

‘हळू’ हा शब्द मी एका व्हिडिओत चुकून कायमचा ठेवून दिला आहे. ठिबकवर ऊस पिकवणारा एक शेतकरी माझ्याकडं बोलायला आला होता. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर माणूस वेगात सुटतो हे ठाऊक असल्यानं त्याच्या मजकुरात मी जागोजागी कंसात ‘हळू’ असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे इथं वेग कमी कर, एवढंच. एका ठिकाणी वाक्य होतं, ‘लागणीनंतर पाणी सोडा’ आणि ‘पाणी’च्या आधी माझा कंस. टेलिप्रॉम्प्टरच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत सगळं एकसारखंच दिसतं. गड्यानं वाचलं, ‘लागणीनंतर हळू पाणी सोडा’. त्याला चूक वाटली नाही, मला ऐकताना कळली नाही, एडिटिंगलाही सुटली, कारण वाक्य अगदी सरळ लागत होतं. आठवड्यानं एकाचा फोन आला: “हळू म्हंजे किती हळू? व्हॉल्व्ह अर्धा फिरवायचा का पाव?”

पेठ वडगावात माझा छोटा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन दिवे, भिंतीला काळं कापड. आधी लग्नं शूट करायचो, अजूनही करतो. पण गेल्या काही वर्षांत बोलणारी माणसं वाढली. कृषी सेवा केंद्रवाले, पतसंस्थेचे चेअरमन, क्लासवाले, डॉक्टर, सगळ्यांना तीन मिनिटं कॅमेऱ्यात बघून बोलायचं असतं आणि तिसाव्या सेकंदाला सगळ्यांचं डोकं कोरं होतं. म्हणून टेलिप्रॉम्प्टर आला.

पहिला मीच बनवला. सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली, पंचेचाळीस अंशात खाच पाडली, तिच्यात फोटोफ्रेमची काच बसवली आणि खाली टॅब आडवा ठेवला. टॅबवरचा मजकूर उलटा करायचा, म्हणजे काचेत तो सुलटा दिसतो, आणि कॅमेरा काचेच्या मागून आरपार बघतो. कल्पना सोपी आहे. अमेरिकेत १९५०च्या सुमाराला हे यंत्र पहिल्यांदा केलं तेव्हा तेही अर्ध्या सूटकेसमध्ये कागदाची गुंडाळी फिरवूनच केलेलं होतं. फ्रेड बार्टन नावाच्या नटाला संवाद लक्षात ठेवायचा ताप नको होता, ह्युबर्ट श्लाफ्ली नावाच्या इंजिनियरनं जुळणी करून दिली. १९५२ साली शिकागोला पक्षाच्या अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर त्यावर बघून बोलले आणि पुढाऱ्यांना ते आवडलं. त्यामुळं प्लायच्या पेटीची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती काचेची. साध्या काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्हींवरून प्रतिबिंब येतं. इंग्रजी अक्षराला त्यामुळं नुसती सावली पडते, आपल्या अक्षराला मात्र दोन शिरोरेषा दिसायला लागतात. डोक्यावर दुहेरी पत्रा टाकल्यासारखं. माणूस दोन मिनिटांत डोळे चोळायला लागतो. शेवटी एका बाजूनं मुलामा दिलेली खास काच मागवली आणि मुलाम्याची बाजू वाचणाऱ्याकडं ठेवून बसवली तेव्हा ते थांबलं.

पण काच, टॅब, स्टँड ही विकत मिळणारी गोष्ट आहे. मी शिकलो ते त्या काचेवर मजकूर कसा मांडायचा हे, आणि त्यातला मोठा भाग मला एका निवृत्त शिक्षकांनी शिकवला. शिकवला म्हणजे माझ्यासमोर बसून चुकले आणि मला चुकू दिलं. वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. सरांना त्यावर मुलांसाठी तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. मजकूर त्यांनी स्वतः लिहून डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणला होता. तो टॅबवर उघडला तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची नुसती रांगोळी. दुकानात जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करतात, तो फॉन्ट त्यांच्याच मशीनवर मराठी दिसतो. मी छापील कागद समोर ठेवून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. या कामाला तासभर गेला, पण त्या तासात मजकूर माझ्या तोंडात बसला आणि सरांचं पुस्तकी मराठी जिभेला कुठं अडकतंय ते कळलं.

सहाशे चाळीस शब्द होते. माझ्या मोजणीत माणूस कॅमेऱ्यासमोर सावकाश, कळेल असं मराठी बोलतो तेव्हा मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्द होतात. इंग्रजीचा आकडा यापेक्षा बराच मोठा सांगतात आणि तो बघून लोक मजकूर लिहितात. पण आपले शब्द लांब असतात. ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा आपल्याकडं एकच शब्द आहे. तर तीन मिनिटांना सव्वातीनशे शब्द. सरांना म्हटलं, निम्मं काढायला लागेल. सर म्हणाले, “निम्मा इतिहास कुठला काढू, तूच सांग.” शेवटी त्यांनीच लाल पेन घेतलं.

त्या मजकुरातलं एक वाक्य असं होतं:

‘औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूमहाराजांना रोखण्यासाठी महाराणी ताराबाईंनी ज्या सेनापतींना खेडच्या रणांगणावर धाडले होते, तेच धनाजी जाधव ऐनवेळी शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाले आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच, म्हणजे १७०८ साली, वडगाव मुक्कामी त्यांचे देहावसान झाले.’

पस्तीस शब्द. कागदावर वाक्य चांगलं आहे, एकही शब्द चुकीचा नाही. सर ते वाचायला लागले आणि ‘धाडले होते’पाशी त्यांचा श्वास संपला. तिथून पुढं फक्त आवाज गेला, अर्थ मागंच राहिला.

वाक्य लांब होतं हे खरंच, पण खरं कारण थोडं वेगळं आहे. माणूस मोठ्यानं वाचतो तेव्हा त्याचा डोळा जिभेच्या दोन-तीन शब्द पुढं असतो. आवाज वर न्यायचा की खाली आणायचा हे तो त्या पुढच्या शब्दांवरून ठरवतो. मराठीत वाक्याचा निकाल लागतो शेवटी. क्रियापद शेवटी, आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागं. म्हणून आपल्याकडं ओळ कुठं मोडली याला फार किंमत आहे. हे मला आधीच एकदा महागात पडलं होतं. एका कृषी सेवा केंद्राच्या व्हिडिओत वाक्य होतं, ‘पीक फुलोऱ्यात असताना हे औषध मारायचं नाही.’ टॅबनं आपल्या मनानं ओळ मोडली ती अशी:

पीक फुलोऱ्यात असताना
हे औषध मारायचं
नाही. मधमाश्या

बोलणारा ‘मारायचं’पाशी ठामपणे खाली उतरला. ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं डोळ्याला वाटतं. मग पुढच्या ओळीला ‘नाही’ दिसलं, ते त्यानं पुढच्या वाक्याला लावल्यासारखं म्हटलं: “नाही, मधमाश्या मरतात.” ऐकणाऱ्याला वाटावं, औषध मारायचंच आहे आणि नंतरचं काहीतरी वेगळं. पुन्हा शूट केलं. तेव्हापासून टॅबला मी ओळ मोडू देत नाही. प्रत्येक ओळ एंटर दाबून मीच मोडतो, आणि ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ यांना त्यांच्या क्रियापदापासून कधीच तोडत नाही. ओळ छोटी राहिली तरी चालेल. तसंच ‘करून घेतलं’, ‘निघून गेले’ अशी जोडीची क्रियापदं आणि आकडा व त्याचं माप, हे एका ओळीत राहिले पाहिजेत.

ओळ किती लांब ठेवायची याचा हिशेब मी शब्दांत करत नाही, अक्षरांत करतो. माणूस कॅमेऱ्यापासून साधारण अडीच मीटरवर बसतो. त्याहून जवळ बसवला तर ओळ वाचताना त्याची बुबुळं डावीकडून उजवीकडं सरकताना दिसतात आणि बघणाऱ्याला कळतं की हा वाचतोय. अडीच मीटरवरून आरामात वाचता यावं म्हणून अक्षर शिरोरेषेपासून खालपर्यंत बारा मिलिमीटर तरी लागतं. माझ्या टॅबच्या मधल्या पंधरा सेंटिमीटरमध्ये तेवढी अक्षरं बारा ते सोळा मावतात. कडेपर्यंत ओळ नेली तर पुन्हा बुबुळं फिरतात, म्हणून दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडतो. बारा ते सोळा अक्षरं म्हणजे मराठीत तीन-चार शब्द. हा साधारण एका दमात म्हणायचा तुकडा असतो. काही लोक ओळी मध्यभागी जुळवतात, दिसायला छान दिसतं, पण मग प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते आणि डोळ्याला ती दर वेळी शोधावी लागते. माझ्या ओळी डावीकडून एका रेषेत सुरू होतात.

सरांच्या वाक्याकडं परत येतो. पहिल्यांदा मी ते फोडलं ते असं:

औरंगजेब वारला.
सतराशे सात.
मोगलांच्या कैदेतून
संभाजीराजांचे पुत्र
शाहूराजे सुटले.

त्यांना अडवायला
ताराराणींनी फौज पाठवली.
सेनापती होते
धनाजी जाधव.
खेडला गाठ पडली,
आणि धनाजी
शाहूराजांना मिळाले.

पुढच्याच वर्षी,
सतराशे आठ साली,
धनाजी वारले.

इथं.
आपल्या वडगावात.

यात ‘संभाजीराजांचे पुत्र’ हे मूळ मजकुरात नव्हतं. ते का घातलं हे सांगितलं पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यात शाळेतल्या पोराला ‘शाहू महाराज’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर राजर्षी शाहू येतात, आणि ते जन्मले १८७४ला. पुस्तक वाचणारा मुलगा मागचं पान उलटून बघेल की हे कुठले शाहू. ऐकणाऱ्याला मागचं पान नसतं. सरांना हे लगेच पटलं, वर म्हणाले, “चाळीस वर्षं हेच शिकवलं आणि इथं विसरलो बघ.” ‘देहावसान’ काढायला मात्र ते तयार नव्हते. सेनापती ‘वारले’ म्हणायचं म्हणजे शेजारचे आजोबा वारले असं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. मी त्यांना दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावलं. ‘देहावसान झाले’ म्हणताना त्यांचा आवाज सभेतल्या ठरावासारखा झाला. ‘वारले’ म्हणताना तो आपोआप खाली आला. मग ते काही बोलले नाहीत, लाल पेनानं काट मारली.

‘१७०८’चं ‘सतराशे आठ साली’ का केलं, तेही सांगतो. काचेवर आकडा ठेवला की माणूस एक क्षण थबकतो: ‘एक हजार सातशे आठ’ म्हणायचं की ‘सतराशे आठ’? तो क्षण चेहऱ्यावर दिसतो. त्यात मराठीचे आकडे म्हणजे शंभरच्या आत प्रत्येकाचं नाव वेगळं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथं भले भले अडखळतात, विशेषतः इंग्रजी माध्यमात शिकलेले. पतसंस्थेचा व्याजदर ८.७५ असेल तर मी ‘पावणेनऊ टक्के’ लिहितो. आठ पॉइंट सात पाच म्हणणाऱ्या चेअरमनपेक्षा पावणेनऊ म्हणणारा ठेवीदाराला जवळचा वाटतो, असं माझं मत आहे.

असो. ही मांडणी घेऊन आम्ही पहिलं शूट केलं आणि ते फसलं. फसलं कशानं, ते ध्यानात यायला मला संध्याकाळ झाली.

माझ्या ॲपमध्ये मजकूर ठरावीक वेगानं वर सरकतो. त्या दिवशी वेग होता मिनिटाला सत्तावीस ओळी. भरलेली ओळ चार शब्दांची धरली तर सत्तावीस चोक एकशे आठ, म्हणजे आपला बोलण्याचा वेग बरोबर मिळतो. पण ओळीत दोनच शब्द असतील तर? ओळी तेवढ्याच वेगानं येतात, शब्द निम्मेच येतात. म्हणजे वाचणारा अर्ध्या वेगावर जातो. सरांचा तो उतारा सतरा ओळी आणि तीन रिकाम्या जागा, एकूण वीस ओळींचा होता. मिनिटाला सत्तावीस म्हणजे त्याला चव्वेचाळीस सेकंद लागणार. शब्द मात्र छत्तीस. सर प्रत्येक ओळ म्हणून पुढच्या ओळीची वाट बघत होते. ‘सेनापती होते’ म्हणून थांबायचे, डोळे मोठे करून काचेकडं बघायचे, मग ‘धनाजी जाधव’. फुटेजमध्ये ते एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

पण त्याच फुटेजमध्ये शेवटच्या दोन ओळी, ‘इथं’ आणि ‘आपल्या वडगावात’, इतक्या सुरेख आल्या होत्या की मी त्या चार वेळा लावून बघितल्या. ‘इथं’ म्हटल्यावर सर थांबले, आणि तो थांबा त्यांनी अभिनय म्हणून घेतला नव्हता. काचेवर पुढं काही आलंच नव्हतं.

तेव्हा मला कळलं की वेग कमी करायला ‘हळू’ लिहायची गरजच नाही. ओळीची लांबी हाच ॲक्सिलरेटर आहे. ओळ लांब ठेवली की माणूस धावतो, आखूड केली की आपोआप चालायला लागतो, आणि त्याला ते सांगावंही लागत नाही. चूक एवढीच झाली होती की मी सगळीकडंच पाय ब्रेकवर ठेवला होता. रात्री बसून पुन्हा मांडलं:

औरंगजेब वारला, सतराशे सात साली.
संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे
मोगलांच्या कैदेतून सुटले.
त्यांना अडवायला ताराराणींनी
फौज पाठवली.
सेनापती होते धनाजी जाधव.
खेडला गाठ पडली, आणि धनाजी
शाहूराजांना मिळाले.

पुढच्याच वर्षी, सतराशे आठ साली,
धनाजी वारले.

इथं.
आपल्या वडगावात.

बारा ओळी, दोन रिकाम्या, एकूण चौदा. एकतीस सेकंद. पहिल्या आठ ओळींत सत्तावीस शब्द आहेत, तिथं सर कहाणी सांगितल्यासारखे चालतात. शेवटच्या चार ओळींत दहाच शब्द आहेत, तिथं ते थांबत थांबत जातात. ‘आणि धनाजी’ ओळीच्या शेवटी मुद्दाम लोंबकळत ठेवलंय. तिथं ओळ संपते पण वाक्य संपत नाही हे डोळ्याला कळतं, आवाज वरच राहतो, आणि ‘शाहूराजांना मिळाले’ हे खालच्या ओळीत धक्का देऊन येतं. हीच गोष्ट ‘मारायचं / नाही’मध्ये घात करते आणि इथं कामाला येते. फरक एवढाच की ‘मारायचं’ला वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं, ‘आणि धनाजी’ला तसं वाटूच शकत नाही.

दुसरं शूट थेट समाधीपाशी केलं. उघड्यावर काचेत आभाळ दिसतं आणि अक्षरं पुसट होतात, म्हणून सकाळी लवकर गेलो, पेटीवर काळं कापड टाकलं, टॅबचा उजेड पूर्ण वाढवला. टॅब चालवायला भाची होती, बारावीतली. आता वेग ॲपच्या हातात नव्हता, तिच्या हातात रिमोट दिला होता. कारण ठरावीक वेगाचं यंत्र खोलीत चालतं. बाहेर मोटरसायकल गेली, कुणी ‘सर, नमस्कार’ म्हणालं, की माणूस थांबतो आणि यंत्र पुढं जातं. भाचीला एकच गोष्ट सांगितली होती: सर जी ओळ म्हणताहेत ती बाणाच्या समोर राहिली पाहिजे. बाण म्हणजे टॅबच्या कडेला चिकटवलेला लाल कागदाचा तुकडा, बरोबर लेन्सच्या उंचीला. ओळ त्याच्या खाली गेली की नजर खाली जाते, आणि बघणाऱ्याला वाटतं की सर आपल्या शर्टाच्या बटणाकडं बघताहेत.

संगीत नाटकात विंगेत पोथी घेऊन प्रॉम्प्टर बसायचा, तो कधी नटाच्या पुढं धावत नसे. नट अडला की पहिला शब्द टाकायचा, बस्स. भाचीनं पहिल्या दोन टेकला नेमकं उलटं केलं. पुढची ओळ वेळेत दिसावी म्हणून ती आधीच वर सरकवायची, सरांना वाटायचं मजकूर पळतोय, मग तेही पळायचे. सर पळाले की भाची आणखी पुढं. दोघांची शर्यत लागली. शेवटी तीच म्हणाली, “मामा, मी थांबले की सर थांबतात बघा.” तिसऱ्या टेकला तिनं रिमोट सरांच्या ओठांच्या मागं ठेवला आणि सर माणसासारखे बोलायला लागले.

आणखी एक अडचण होती सरांच्या चष्म्याची. दोन भिंगांचा चष्मा. वाचायचं म्हटलं की त्यांची हनुवटी सवयीनं वर जायची, कारण चाळीस वर्षं वाचायचं भिंग खाली आहे. पण अडीच मीटरवरचा मजकूर वरच्या भिंगातूनच दिसतो. दर दहा ओळींनी हनुवटी वर, मजकूर धूसर, पुन्हा हनुवटी खाली. मी एक पुठ्ठा त्यांच्या समोर धरून दाखवलं की वरूनच नीट दिसतंय. पटायला पाच मिनिटं लागली, मोडायला अख्खी सकाळ.

अक्षराबद्दल थोडं सांगतो, कारण इथं मी बरीच वर्षं इंग्रजीच्या अंदाजानं चालत होतो. काळ्यावर पांढरं आणि जाड, असं सगळे सांगतात. काळ्यावर पांढरं ठीक आहे, कारण काळा भाग काचेत दिसत नाही आणि कॅमेऱ्याला त्रास देत नाही. पण जाड? आपलं अक्षर जाड केलं की त्याच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक काय, तर ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. जाड फॉन्टमध्ये, जराशा चकाकीत, ती फट मिटते. एका पतसंस्थेच्या मजकुरात ‘धनादेश’ला मॅनेजर ‘घनादेश’ म्हणाले आणि माझ्याकडं असं बघितलं की चूक माझीच. होतीच. ‘भ’ आणि ‘म’चंही तेच. सरांना ‘धनाजी’ वाचायची गरज नव्हती, नाव पाठच होतं. पण त्याच मजकुरावर पुढं शाळेतल्या मुलीही बोलणार होत्या, त्यांच्यासाठी मी मध्यम जाडीवर आलो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त फॉन्ट वापरतो, तो फुकट मिळतो आणि त्याच्या ‘ध’ची फट अडीच मीटरवरून दिसते.

दोन ओळींमधली जागा मी अक्षराच्या दीडपट ठेवतो. इंग्रजीला कमी चालते. आपल्याकडं वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, अनुस्वार वर उभे असतात. जागा कमी पडली की वरचा ‘पु’ आणि खालची ‘शीं’ एकमेकांत अडकतात. अनुस्वार तर पहिला हरवतो, आणि अनुस्वार हरवला की ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ होतं, आदर जातो. याच कारणानं महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची नाही, ती उकाराला छेदून जाते.

मग जोर द्यायच्या शब्दाचं काय करतो? पिवळा करतो. एका पडद्यावर एकच. सरांच्या उताऱ्यात पिवळा शब्द होता ‘वडगावात’. आधी मी ‘धनाजी’, ‘खेडला’, ‘ताराराणींनी’ सगळेच पिवळे केले होते, तेव्हा सर प्रत्येक शब्दावर मूठ आपटल्यासारखे बोलले. थांबायचं असेल तिथं रिकामी ओळ. मोठा श्वास घ्यायचा असेल, म्हणजे विषय बदलतो तिथं, एका ओळीत नुसता एक जाड टिंब. टिंब कुणी वाचत नाही. कंसात शब्द लिहिला की तो कधी ना कधी वाचला जातो, हे मी ‘हळू’वरून शिकलो होतो. आता माझ्या मजकुरात सूचना म्हणून एकही शब्द नसतो.

सगळ्यांना हे लागू पडत नाही, हेही सांगतो. रोज पन्नास लोकांसमोर बोलणारा एक कीर्तनकार आला होता. त्याला काचेवर मजकूर दिला आणि तो शाळेतल्या पोरासारखा वाचायला लागला. मजकूर काढून टाकला, काचेवर फक्त सात शब्द ठेवले, एकाखाली एक, प्रत्येक मुद्द्याला एक. तेरा मिनिटं बोलला, एकदाही अडखळला नाही. ज्याला बोलता येतं त्याच्या समोर पूर्ण वाक्य ठेवणं म्हणजे त्याला कुबड्या देऊन पळायला सांगणं.

सरांचा व्हिडिओ तीन मिनिटं चार सेकंदांचा झाला. शाळेतल्या मुलींनी तोच मजकूर नंतर वाचला तेव्हा मी ओळी पुन्हा मोडल्या, कारण त्यांचा दम सरांपेक्षा मोठा आहे आणि त्यांना दोन शब्दांच्या ओळी अडवत होत्या. मांडणी माणसागणिक बदलते. म्हणून एकदा जुळवलेला मजकूर मी दुसऱ्याला तसाच देत नाही.

एक विनंती आहे. माझ्याकडं किंवा दुसऱ्या कुणाकडंही काचेसमोर बसायला जाणार असाल, तर मजकूर डीटीपीवाल्याकडून सजवून आणू नका. वहीत हातानं लिहिलेला चालेल. फक्त घरी एकदा मोठ्यानं वाचा आणि जिथं जिथं श्वास घेतलात तिथं पेन्सिलीनं खूण करून आणा. ओळी मी तिथंच मोडतो.